‘बरे वाटले तरी कोर्स पूर्ण करा’ : हे वाक्य क्षयाला कितपत लागू आहे?

नर्सिंगची विद्यार्थिनी, लातूर : आरोग्यशास्त्राच्या असाइनमेंटमध्ये अँटिबायोटिकला जंतू का जुमानत नाहीत आणि कोर्स पूर्ण का करायचा, हे एका आजाराच्या आधारे समजावायचे आहे. मी क्षय निवडला आणि लिहिले, ‘गोळ्या मध्येच सोडल्या की अर्धमेले जंतू औषधाला सरावतात आणि ताकदवान होतात.’ पण बरे वाटले की थांबावे, असे आता तज्ज्ञच म्हणतात, असेही वाचले. मग बरोबर काय?

छातीविकारतज्ज्ञ, निवृत्त : ‘सरावतात’ हा शब्द मी विद्यार्थ्यांच्या वह्यांतून वर्षानुवर्षे खोडत आलो आहे आणि तो पुन्हा दिसला की मला राग येतो, कारण या चुकीच्या वाक्यामुळेच तुम्ही वाचलेले दुसरे अर्धसत्य लोकांना पटते.

जंतू औषधाला सरावत नाही. क्षयाने फुप्फुसात पोकळी पडली असेल तर त्या एका पोकळीत दहा कोटींच्या आसपास जंतू असू शकतात. एवढी वाढ होताना त्यांच्या जनुकांत आपोआप चुका होत राहतात आणि त्यांतली एखादी चूक नेमकी औषध निकामी करणारी निघते. आयसोनियाझिड या क्षयाच्या औषधाला न जुमानणारा जंतू साधारण दहा लाखांत एक असतो आणि रिफाम्पिसिनला न जुमानणारा दहा कोटींत एक. याचा अर्थ, रुग्णाने पहिली गोळी तोंडात टाकण्याआधीच त्या पोकळीत आयसोनियाझिडला दाद न देणारे शंभरएक जंतू हजर असतात. ते एकच औषध दिले तर बाकीचे मरतात, हे शंभर उरतात आणि मोकळ्या झालेल्या जागेत त्यांचीच प्रजा वाढते. दोन्ही औषधांना एकाच वेळी पुरून उरणारा जंतू मात्र एकावर चौदा शून्ये एवढ्या जंतूंत एखादा सापडेल, आणि एवढे जंतू कोणाच्याच छातीत नसतात. क्षयावर तीन-चार औषधे एकत्र देण्याचे सगळे गणित एवढेच आहे.

हे केवळ कागदावरचे गणित नाही. ब्रिटनमध्ये 1948 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत स्ट्रेप्टोमायसिन एकटेच दिले होते. सहा महिन्यांत त्या 55 रुग्णांपैकी 4 दगावले, तर नुसती विश्रांती दिलेल्या 52 रुग्णांपैकी 14. पण बऱ्याच रुग्णांच्या जंतूंनी पुढे औषधाला दाद देणे सोडले आणि पाच वर्षांनी दोन्ही गटांतील मृत्यूंत फारसा फरक उरला नाही. जोडीला दुसरे औषध देऊ लागल्यावरच हे थांबले.

आता सहा महिने कशासाठी? पहिल्या दोन महिन्यांत वाढणारे जंतू मरतात, खोकला कमी होतो, भूक लागते आणि थुंकीच्या तपासणीत जंतू दिसेनासे होतात. काही जंतू मात्र झोपल्यासारखे पडून असतात. ते वाढत नाहीत, म्हणून औषध त्यांना लवकर मारू शकत नाही. ते प्रतिरोधक, म्हणजे औषधाला न जुमानणारे, नसतात, फक्त सुस्त असतात. अशा वेळी रुग्णाने सगळ्या गोळ्या एकदम बंद केल्या तर काही महिन्यांनी आजार उलटतो, पण पुष्कळदा तो त्याच जुन्या जंतूंमुळे, ज्यांना तीच औषधे पुन्हा लागू पडतात. प्रतिरोधाचा खरा धोका वेगळ्या रुग्णाला आहे : जो चार दिवस घेतो आणि आठ दिवस विसरतो, मळमळ होते म्हणून एखादीच गोळी वगळतो, किंवा ज्याला गुण येत नाही म्हणून कोणीतरी जुन्या औषधांत एकच नवे औषध घालून देते. तुमच्या वाक्याने हे दोन्ही प्रकार एकत्र केले आहेत.

औषध दुकानदार, सातारा : डॉक्टरसाहेब, आपले म्हणणे शास्त्राला धरून असेल, परंतु ते दुकानाच्या काउंटरवर सांगता येत नाही. माझ्याकडे माणूस येतो आणि पाच गोळ्यांच्या चिठ्ठीवर ‘दोनच द्या, ताप उतरला की बघू’ म्हणतो. त्याला मी अर्धमेल्या जंतूंचे वाक्य ऐकवतो आणि तो पाचही गोळ्या घेऊन जातो. तुम्ही ‘एकदम सोडल्या तर प्रतिरोध होईलच असे नाही’ असे लिहिले आहे, त्यातले लोक ‘सोडल्या तरी चालतात’ एवढेच उचलतील.

अभियंता, पुणे : हे वाक्य उपयोगी पडते म्हणून खरे ठरत नाही. 2017 साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आलेल्या लेखात तज्ज्ञांनी स्पष्ट म्हटले आहे की लवकर थांबल्याने प्रतिरोध वाढतो याला पुरावा नाही, उलट गरजेपेक्षा जास्त दिवस घेतल्याने तो वाढतो. मी स्वतः दाढ दुखली तेव्हा तिसऱ्या दिवशी गोळ्या थांबवल्या आणि मला काहीही झाले नाही. मग क्षयाच्याच रुग्णाला सहा महिने बांधून का ठेवायचे?

छातीविकारतज्ज्ञ, निवृत्त : तो लेख तुम्ही पूर्ण वाचलेला दिसत नाही. त्यात क्षयाला स्पष्टपणे वेगळे काढले आहे आणि त्याचे कारणही दिले आहे. घसा, दाढ किंवा मूत्रमार्गाच्या संसर्गासाठी गोळी घेतली की ती आतड्यातल्या आणि त्वचेवरच्या एरवी निरुपद्रवी जंतूंवरही पडते. त्यांतले चिवट जंतू मागे राहतात आणि पुढे कधीतरी तेच आजार घडवतात. तिथे जितके दिवस जास्त, तितकी ही निवड जास्त. क्षयाचा जंतू असा आपल्या अंगावर सहज वावरत नसतो. तो ज्याला आजार आहे त्याच्याच छातीत वाढतो आणि प्रतिरोधक झाला तर तिथूनच खोकल्यावाटे दुसऱ्याकडे जातो.

सहा महिन्यांवरही कोणी अंधपणे अडून बसलेले नाही. चार महिन्यांत उपचार संपतील का, हे पाहणाऱ्या मोठ्या चाचण्यांचे निकाल 2014 साली आले आणि लवकर थांबलेल्यांपैकी जास्त जणांचा आजार उलटला. पुढे 2021 साली रिफापेंटीन आणि मॉक्सिफ्लॉक्सासिन असलेल्या चार महिन्यांच्या उपचाराने सहा महिन्यांइतकाच गुण येतो असे दिसले. मुदत अशी तपासून ठरते. तुमची दाढ हा त्यातला पुरावा नव्हे.

दुकानदारांचे एवढे मान्य करतो की काउंटरवर लहान वाक्य लागते. पण ते खोटे असू नये.

ऊसतोड कामगाराची मुलगी, बीड : मी वरचे सगळे दोनदा वाचले. सर्वांनी ‘रुग्णाने सोडल्या’ असेच लिहिले आहे. माझ्या वडिलांनी सोडल्या नव्हत्या, त्यांना मिळाल्या नव्हत्या.

2013 सालच्या सप्टेंबरमध्ये त्यांच्या थुंकीत जंतू सापडले. त्या वेळी आठवड्यातून तीन दिवस गोळ्या असत आणि केंद्रावर प्रत्येक रुग्णाच्या नावाचा खोका ठेवलेला असे. दोन महिने वडील एक दिवसाआड तिथे जाऊन समोर गोळ्या घेत होते आणि त्यांचे वजन वाढले होते. नोव्हेंबरमध्ये टोळी निघाली. मुकादमाकडून उचल घेतलेली होती, त्यामुळे थांबणे शक्य नव्हते. केंद्राने महिनाभराची पाकिटे बांधून दिली. ती आईने कोपीत, म्हणजे आमच्या झोपडीत, पत्र्याच्या डब्यात पिठाखाली ठेवली होती. डिसेंबरमध्ये ती संपली. जवळच्या दवाखान्यात गेल्यावर सांगण्यात आले की खोका तुमच्या गावाला आहे, तिथून कागद आणा. गावाला जाऊन यायला दोन दिवस लागतात, म्हणजे दोन खाडे. एका कोयत्यात नवरा-बायको दोघे असतात, एक गेला की दुसऱ्याचाही खाडा पडतो.

ताप आला तेव्हा आईने बाजारातल्या दुकानातून जुने रिकामे पाकीट दाखवून लाल कॅप्सूल आणल्या. आठ दिवस घेतल्या, ताप उतरला. लघवी लाल झाली की औषध लागू पडते, असे ती मानत असे. हंगाम संपून पट्टा पडला आणि एप्रिलमध्ये गावी आलो तेव्हा तपासणीत रिफाम्पिसिन लागू पडत नसल्याचे निघाले. दोन वर्षे उपचार चालले, त्यातले पहिले काही महिने रोज इंजेक्शन. वडील वाचले, पण त्या इंजेक्शनांनी त्यांचे ऐकणे गेले. आता त्यांना हाक मारायची तर खांद्याला हात लावावा लागतो.

तेव्हा ‘कोर्स पूर्ण करा’ हे वाक्य कोणाला उद्देशून आहे, ते मला सांगा.

औषध दुकानदार, सातारा : ताई, वाचून वाईट वाटले. परंतु त्या कॅप्सूल चिठ्ठीशिवाय दिल्या गेल्या म्हणून सर्व दुकानदारांना आरोपी करू नका. मार्च 2014 पासून क्षयाची औषधे एच-1 यादीत आहेत. चिठ्ठी लागते, रुग्णाचे आणि डॉक्टरांचे नाव वहीत लिहावे लागते आणि ती वही तीन वर्षे जपावी लागते. मी ते करतो.

ऊसतोड कामगाराची मुलगी, बीड : मी कोणाला आरोपी केलेले नाही. पण तुम्ही वही दाखवता तेव्हा माझ्या मनात येते की त्या दिवशी दुकानदाराने नियम पाळून आईला रिकाम्या हाताने परत पाठवले असते, तर ती कुठे गेली असती? दवाखाना कागद मागत होता. तुमच्या वहीत ज्याचे नाव लागत नाही, त्याने औषध कुठून घ्यायचे?

अभियंता, पुणे : हा व्यवस्थेचा प्रश्न झाला, मूळ प्रश्न विज्ञानाचा होता.

ऊसतोड कामगाराची मुलगी, बीड : दाढ तुमची होती तेव्हा तो विज्ञानाचा प्रश्न होता, आणि माझे वडील आले की तो व्यवस्थेचा झाला?

छातीविकारतज्ज्ञ, निवृत्त : ताईंचा राग योग्य आहे आणि माझ्या पहिल्या उत्तरात ‘विसरतो’ आणि ‘वगळतो’ असेच शब्द आले, हे मला मान्य करावे लागेल.

त्यांच्या वडिलांची हकीकत विद्यार्थिनीने नीट पाहावी, कारण सगळे त्यात आहे. त्या काळी पहिल्या दोन महिन्यांत चार औषधे असत आणि पुढचे चार महिने फक्त दोन : आयसोनियाझिड आणि रिफाम्पिसिन. वडिलांचे जंतू मुळातच आयसोनियाझिडला दाद देत नसतील, तर नोव्हेंबरपासून त्यांच्या छातीत रिफाम्पिसिन एकटेच लढत होते. डिसेंबरनंतर जंतू पुन्हा वाढले आणि बाजारातल्या लाल कॅप्सूलने, म्हणजे पुन्हा एकट्या रिफाम्पिसिनने, त्यांतले निवडक मागे ठेवले. आठ दिवसांत ताप उतरला, कारण ज्यांना औषध लागू होते ते बहुसंख्य जंतू मेले. उरले ते न जुमानणारे.

पण दुसरी शक्यताही तेवढीच खरी आहे. सप्टेंबरमध्ये थुंकी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली गेली. त्यात जंतू दिसतो, तो कोणत्या औषधाला दाद देत नाही ते दिसत नाही. त्यांना प्रतिरोधक जंतूच दुसऱ्या कोणाकडून लागला असेल, तर एकही गोळी न चुकवताही हेच झाले असते. दोन महिन्यांत वजन वाढले, यावरून मला पहिली शक्यता जास्त वाटते, पण पहिला नमुनाच तपासलेला नसल्यामुळे आज कोणीही छातीठोकपणे सांगू शकणार नाही. आता उपचाराच्या सुरुवातीलाच सीबीनाट किंवा ट्रूनाट ही जंतूची जनुके पाहणारी चाचणी करतात. रिफाम्पिसिनचा प्रतिरोध त्यात काही तासांत कळतो. 2017 पासून गोळ्या रोजच्या झाल्या आणि पुढच्या चार महिन्यांत इथाम्बुटॉल हे तिसरे औषधही चालू ठेवतात, ते रिफाम्पिसिन एकटे पडू नये म्हणूनच.

औषध दुकानदार, सातारा : म्हणजे काउंटरवर मी काय सांगायचे, ते अजून ठरलेच नाही. ‘पाचही घ्या’ हे मी सोडणार नाही. डॉक्टरांनी पाच लिहिल्या असतील तर पाच. कमी पुरत असतील तर डॉक्टरांनीच कमी लिहाव्यात, तो निर्णय गिऱ्हाइकाने दुकानात उभे राहून घेऊ नये.

छातीविकारतज्ज्ञ, निवृत्त : याला माझी हरकत नाही. अर्धमेल्या जंतूंना आहे.

नर्सिंगची विद्यार्थिनी, लातूर : मी ते वाक्य काढले. आता पोकळीतल्या शंभर जंतूंपासून सुरुवात करते आणि क्षय व घशाचा संसर्ग यांतला फरक वेगळा लिहिते. ताई, वडिलांची हकीकत नाव न घालता वापरली तर चालेल का? आणि एक विचारायचे होते, आता टोळी दुसऱ्या जिल्ह्यात गेल्यावर तिथल्या केंद्रावर गोळ्या मिळतात का?

ऊसतोड कामगाराची मुलगी, बीड : वापरा. नोंद आता ऑनलाइन असते, त्यामुळे मिळायला हव्यात. गेल्या हंगामात आमच्या टोळीतल्या एकाला मिळाल्या, पण तिसऱ्या खेपेला. तेवढे दिवस त्याने शेजारच्या कोपीतल्या रुग्णाच्या पाकिटातून निम्म्या घेतल्या होत्या.

छातीविकारतज्ज्ञ, निवृत्त : दोघांच्याही थुंकीचा नमुना पुन्हा तपासून घ्या. कोणत्या केंद्राकडे पाठवता, ते मला कळवा.