नवख्यांनी दहा मिनिटांत डाव सुरू करायचा तर नियम आधी सगळे सांगायचे की खेळता खेळता?

गाळा_नंबर_७:
भाजी मंडईवर बोर्डगेम बनवतोय, पहिलाच आहे. २ ते ४ जण, पाऊण तास. माल घ्यायचा, गाळ्यावर मांडायचा, गिऱ्हाईक आलं की विकायचा, तीन दिवसांनंतर ज्याच्याकडे जास्त पैसे तो जिंकला. पुस्तिका १२ पानी झालीये आणि पहिली चाल व्हायलाच अर्धा तास जातो. क्रम असा: मंडईची गोष्ट, सामानाची यादी, खास पत्ते, मांडणी, पाळी, शेवटी हिशेब. काय पुढे आणू, काय मागे टाकू? मत द्या, भांडलात तरी चालेल.

सोंगटी:
खास पत्ते मांडणीच्या आधी आलेत ना, तिथेच गाडी अडतेय. पाळी म्हणजे काय हेच ज्याने अजून वाचलं नाही त्याला अमुक पत्ता दुसऱ्याच्या पाळीत टाकता येतो हे सांगून उपयोग काय, तो विसरणार आणि नंतर पानं उलटत बसणार. अजून एक, पुस्तिका सगळे वाचत नाहीत. एकजण मोठ्याने वाचतो, बाकीचे सोंगट्यांशी चाळा करत ऐकतात. मोठ्याने वाचलं तर मिनिटाला साधारण शंभर-सव्वाशे शब्द होतात, मांडणीत चार मिनिटं गेली आणि पहिल्या चालीला एखादं मिनिट ठेवलं तर डावाआधी तुझ्याकडे जेमतेम पाचेकशे शब्द आहेत. त्यात बसेल तेवढंच पुढे घे.

पहिलं वाक्य जिंकायचं कसं. मग डाव्या पानावर मांडणीचं एकच मोठं चित्र, वरून बघितल्यासारखं, आणि कुठे किती पत्ते ते चित्रातच लिही म्हणजे सामानाची वेगळी यादी लागत नाही. दोघांच्या डावात काही पत्ते काढावे लागत असतील तर त्यांच्या कोपऱ्यात खूण छाप, शोधाशोधीतच वेळ जातो. उजव्या पानावर फक्त पाळी: "तुझ्या पाळीत यातलं एकच काम कर. ढिगातून दोन पत्ते घे, किंवा हातातली भाजी गाळ्यावर मांड, किंवा समोरच्या गिऱ्हाइकाला वीक. मग डावीकडच्याची पाळी." बास. तिकीट टू राईड २००४ साली आला आणि आजही नवखे पटकन शिकतात त्याचं कारण बरंचसं हेच आहे, पाळीत ठरावीक कामांपैकी एकच करायचं असतं. मंडईची गोष्ट डब्याच्या मागे टाक, तिथे ती लोक आवडीने वाचतील.

षटकोनी:
मला हे पटत नाही. अर्धवट सांगून खेळायला बसवणं म्हणजे नवख्याला फसवणं आहे. एका ठिकाणी मला असंच शिकवलं, निम्मा डाव झाल्यावर कळलं की हातात उरलेल्या मालाचे गुण वजा होतात, आणि मी तर तोपर्यंत साठाच करत बसलो होतो. त्या डावात मग काही मजाच राहिली नाही. वीस मिनिटं लागली तर लागू देत, पण नियम सगळ्यांना आधी माहीत पाहिजेत. आणि तू ज्या खेळाचं उदाहरण देतोयस त्यातही पुरं न झालेलं तिकीट शेवटी वजा होतं, ते आधी सांगावंच लागतं की.

पत्तेपिसणारी:
वाचायचंय कशाला? सगळं चित्रात दाखवा, शब्दच नकोत, आणि डब्यावर क्यूआर कोड देऊन पाच मिनिटांचा व्हिडिओ टाका. आमच्या ग्रुपमध्ये सगळे व्हिडिओ बघूनच शिकतात.

सोंगटी:
@पत्तेपिसणारी, मांडणीसाठी चित्रच हवं हे मान्य. पण "मांडू शकतोस" आणि "मांडलंच पाहिजे" यातला फरक चित्रात दाखवून बघा, नाही जमणार, आणि टेबलावर वाद तिथेच होतात. व्हिडिओ जोडीला असू दे, पण मधेच शंका आली तर त्यातला तो सेकंद कोण शोधत बसणार?

@षटकोनी, तुझं उदाहरण बरोबर आहे, त्यातूनच माझी चाळणी निघते. प्रत्येक नियमाला विचारायचं, हा माहीत नसताना पहिल्या फेरीत घेतलेला निर्णय नंतर फसवणूक वाटेल का? वाटणार असेल तर तो पहिल्या दोन पानांवर. नसेल वाटणार तर तो पत्त्यावरच छापायचा, नाहीतर मागे ढकलायचा. तिकीट वजा होणं या चाळणीत वरच राहतं. @गाळा_नंबर_७ तुझे नियम टाक, लावून बघू.

गाळा_नंबर_७:
अडचणीचे तीन आहेत. एक, गाळ्यावर उरलेला माल संध्याकाळी सडतो आणि प्रत्येक भाजीमागे २ रुपये दंड. दोन, हातात ७ पेक्षा जास्त पत्ते ठेवता येत नाहीत. तीन, दलाल पत्ता दुसऱ्याच्या पाळीतही टाकता येतो.

सोंगटी:
सडणं पहिल्या पानावर, जिंकायच्या वाक्याला लागूनच, कारण किती माल मांडायचा हे पहिल्याच पाळीपासून त्यावर ठरतं. दलाल पत्त्यावरच लिही, "कोणाच्याही पाळीत टाक", ज्याच्या हातात येईल तो वाचेल. सात पत्त्यांचं आधी सांगायची गरज नाही, सुरुवातीला तीन वाटलेस तर सातच्या वर जायला तीन पाळ्या लागतात. तो नियम ढिगाशेजारी बोर्डवरच छाप.

षटकोनी:
दलालावर आक्षेप आहे. असा पत्ता ढिगात आहे हेच माहीत नसेल तर समोरच्याने टाकल्यावर मला धक्काच बसणार. काय करतो ते नको सांगूस, पण "काही पत्ते दुसऱ्याच्या पाळीतही टाकता येतात" एवढं वाक्य आधी पाहिजेच.

सोंगटी:
हे चालेल, एका वाक्याने काही बिघडत नाही.

राजाराणी:
दहा मिनिटांचा डाव करायचा असेल तर तीन दिवसांऐवजी एकच दिवस ठेवा ना. माझी मुलं सात आणि नऊ वर्षांची आहेत, पाऊण तास एका जागी बसतच नाहीत.

गाळा_नंबर_७:
@राजाराणी डाव पाऊण तासाचाच ठेवायचाय, सुरू मात्र दहा मिनिटांत व्हायला हवा. पण पहिल्यांदा खेळताना एकच दिवस खेळा असं लिहिता येईल, ते डोक्यात नव्हतं.

सोंगटी:
ते कर, आणि त्या दिवसासाठी पत्ते ठरवूनच दे. विंगस्पॅनमध्ये नवख्यांसाठी पहिल्या चार पाळ्या लिहून दिलेल्या असतात, कॅटानमध्येही पहिल्या डावाला ठरलेली मांडणी असते. पहिलं गिऱ्हाईक टोमॅटोच मागेल आणि प्रत्येकाच्या हातात एक टोमॅटो असेल असं ठेवलंस तर घ्या-मांडा-विका पहिल्याच फेरीत समजून जातं.

नंतर अशा लोकांना डबा दे ज्यांनी खेळ कधी बघितलेला नाही, आणि तू तोंड मिटून बाजूला बस. विचारलं तरी सांगायचं नाही. पहिली चाल किती वाजता झाली ते लिही आणि कुठल्या वाक्यानंतर पान मागे उलटलं गेलं त्यावर खूण कर. वेगवेगळे गट एकाच ठिकाणी मागे गेले तर वाक्य नुसतं सोपं करून भागणार नाही, त्याची जागाच बदलावी लागेल.

षटकोनी:
आणि बाकीच्या नियमांचं काय? दोन पुस्तिका करणार असाल तर माझा विरोध आहे. एक शिकायची आणि एक संदर्भाची असं करणारे बरेच मोठे खेळ आहेत आणि दर वेळी उत्तर नेमकं हातात नसलेल्या पुस्तिकेत निघतं.

सोंगटी:
कॅटानमध्येही संदर्भाचा भाग वेगळाच आहे, पण तो अकारविल्हे लावलाय म्हणून सापडतो. घोळ होतो तो एकच नियम दोन्हीकडे अर्धा अर्धा लिहिला की.

षटकोनी:
छोट्या खेळाला एकच पुस्तिका ठेव. पुढून शिकायचं, मागून सूची, दलालाचा वाद झाला की शेवटचं पान उघडायचं.

गाळा_नंबर_७:
पुढची दोन पानं बसली, ४८० शब्द झालेत. आता मागची पानं जोडून आणि सुटी अशा दोन्ही प्रती काढतो, दोन वेगळ्या गटांना देतो आणि कोण किती वेळ शोधत बसतं ते इथेच टाकतो.