मदत हवी आहे: कॅप्शनची पहिली ओळ 'नमस्कार मित्रांनो'तच संपते, गुळाच्या पोस्टची सुरुवात कशी करू?

गुळाची_सून

भोगावतीच्या काठाला आमचं गुऱ्हाळ आहे. मामंजी आणि गुळव्या काहिलीजवळ, मी फोनजवळ, अशी कामाची वाटणी. दिवाळीनंतर हंगाम लागला तसं इन्स्टाग्रामवर एक किलोच्या ढेपा आणि काकवी विकायला सुरुवात केली. फोटोंना लाइक येतात, पण मेसेजमध्ये रोज तेच तीन प्रश्न: गूळ पिवळा दिसावा म्हणून हायड्रॉस पावडर घालता का, भाव काय, पुण्याला पाठवता का. तिन्हींची उत्तरं कॅप्शनमध्ये असतात! मला वाटायचं लोक आळशी आहेत.

परवा नणंदेच्या फोनवर माझीच पोस्ट बघितली. तिला एवढंच दिसत होतं:

> नमस्कार मित्रांनो! 🙏 दिवाळी झाली आणि आपल्या सर्वांच्या आशीर्वादाने यंदाचा... more

'गुळाचा' हा शब्दसुद्धा दिसत नाही. हायड्रॉसचं सहाव्या ओळीत, भाव नवव्या ओळीत. त्या more वर कोण बोट ठेवणार?

तर नेमकी किती अक्षरं दिसतात, आणि तेवढ्यात काय लिहावं? दुसरं म्हणजे, नमस्कार न घालता एकदम बोलायला सुरुवात केली तर उद्धटपणा वाटणार नाही का? मामंजींना विचारलं तर ते म्हणतात, "दारात आलेल्याला आधी या-बसा म्हणायचं असतं."

राजारामपुरी_रील्स

सोपं आहे ताई. १२५ कॅरेक्टर दिसतात, त्याच्या आत काम उरकायचं. मोजायला कुठलंही काउंटर वापरा. आणि पहिल्या ओळीखाली पाच-सहा ओळींत नुसती टिंबं टाका, म्हणजे पुढचं वाचायला माणसाला दाबावंच लागतं.

उभ्या_मारुतीचा_शेजारी

फोटो उभा ४:५ मध्ये काढा, मग काही कापलं जाणार नाही. मी पण आधी आडवे टाकायचो.

गुळाची_सून

दादा, फोटो नव्हे, फोटोखालचा मजकूर कापला जातोय.

उभ्या_मारुतीचा_शेजारी

अस्सं होय. मग मला काय माहीत नाही. गूळ कसा किलो?

गुळाची_सून

बघा, इथंही तोच प्रश्न 😄

शब्दहमाल

मी दहा वर्षं दुकानांसाठी जाहिरातीचा मजकूर लिहिते, त्यातली शेवटची पाच-सहा अशाच कॅप्शनांत गेली.

१२५ चा आकडा ऐकून खूप जण फसतात. इंग्रजीत तो अंदाज म्हणून चालतो. मराठीत मोजणीच वेगळी होते, कारण काउंटर काना, मात्रा, अनुस्वार, पाय मोडल्याची खूण, सगळं सुटं मोजतो. 'नमस्कार मित्रांनो' आपल्याला सात अक्षरं दिसतात. काउंटर मधली मोकळी जागा धरून १७ सांगतो. म्हणजे काउंटरवर शंभर भरले तरी कागदावर अक्षरं त्याहून बरीच कमी असतात. उलट बाजूनं, आपले जोडाक्षरांचे शब्द रुंदीला जास्त जागा खातात.

फीडमध्ये कॅप्शन कुठं कापायचं हे मुळात ओळींवर ठरतं असं धरून चाला. साधारण दोन ओळी दिसतात, आणि त्यातल्या पहिल्या ओळीच्या सुरुवातीला तुमचं युजरनेम असतं. तुमचं किती लांब आहे?

गुळाची_सून

गावाचं नाव, आडनाव आणि गूळ असं सगळं घातलंय. इंग्रजीत २४ अक्षरं 🙈

शब्दहमाल

मग पहिली अर्धी ओळ तिथंच गेली. शिवाय समोरच्यानं फोनचा फाँट मोठा ठेवला असेल, जसा पन्नाशीच्या पुढची बरीच मंडळी ठेवतात, तर आणखी कमी दिसणार. गूळ विकत घेणारी मंडळी तीच. रील असेल तर व्हिडिओच्या खाली जेमतेम एक ओळ उरते.

म्हणून मी मोजत नाही. घरातल्या एकाचा जुना, छोटा, मोठ्या फाँटचा फोन घ्यायचा, पोस्ट टाकली की त्यावर उघडून बघायची. नको तिथं कापलं असेल तर लगेच एडिट करायची. कॅप्शन नंतर बदलता येतं, त्यासाठी पोस्ट काढून परत टाकू नका.

टिंबांचं मात्र करू नका. ती युक्ती माणसाला दाबायला लावते, पण दाबल्यावर त्याला टिंबांची शिडी दिसते आणि तो निघून जातो. पहिलं वाक्य लहान ठेवून एक ओळ मोकळी सोडली की पुरे, ते वाक्य एकटं उभं राहतं.

आता काय लिहायचं ते. तुमच्याकडं सोनं सहाव्या ओळीत पुरलंय. लोक रोज हायड्रॉसबद्दल विचारतात म्हणजे त्यांच्या मनात शंका आधीच आहे. तिथंच हात घाला. मी असं लिहीन:

> पिवळाधमक गूळ दिसला की समजा, भेसळ आहे.

चपलांचा_धंदा

लक्ष खेचणारी पहिली ओळ म्हटल्यावर माझा किस्सा सांगतोच. गेल्या वर्षी मी पहिली ओळ टाकली, "जड अंतःकरणानं दुकान बंद करतोय." खाली लिहिलं होतं, "दुपारी दोन ते चार, जेवायला. चारनंतर या, नवीन कापशी चपला आल्यात." लई हुशारी केली असं वाटलं. संध्याकाळपर्यंत मावशीचा फोन, बँकेतल्या ओळखीच्या माणसाचा फोन, आणि ज्याच्याकडनं कातडं घेतो तो तर उधारी मागायला दारात! कुणीही पुढचं वाचलं नव्हतं. भावांनो, पहिली ओळ एकटीच गावभर फिरते, एवढं ध्यानात ठेवा.

राजारामपुरी_रील्स

पण रीच किती आला ते सांग की 😄

चपलांचा_धंदा

रीच नाद खुळा आला. चपला दोन जोड गेल्या.

चुलवाण

तीस वर्षं गुऱ्हाळावर हाय, आधी जाळव्या होतो, मग गुळव्या. वर शब्दहमाल ताईंनी लिहिलेली ओळ खोटी हाय, टाकू नका.

पिवळा म्हंजे भेसळ, असं सरसकट नसतंय. उसाची जात, जमिनीतला खारेपणा, रस किती वेळ पडून राहिला, मळी किती नीट काढली, सगळ्यावर रंग ठरतोय. चांगल्या रानाचा ताजा ऊस असंल आणि भेंडीच्या चिकानं मळी बरोबर वर आली, तर हायड्रॉस न घालता बी गूळ सोनेरी येतोय. आणि काळपट गूळ म्हंजे शुद्ध, असं बी नाही. काहील जास्त तापून करपलेला गूळ बी काळाच असतोय. तुमच्या शेजारचा गुऱ्हाळवाला ती ओळ वाचून उद्या दारात येईल.

आणि ताई, तुमच्यात रसात चुना घालतात का?

गुळाची_सून

थोडा घालतात. मामंजींना आत्ताच विचारलं.

चुलवाण

मग 'केमिकलमुक्त' बी लिहू नका. आमचा जुना मालक तसं छापून बसला होता, एका गिऱ्हाइकानं चुन्यावरनं भर बाजारात धरला. जे घालत नाही त्याचं नाव घ्या. हायड्रॉस घालत नसाल तर 'हायड्रॉस नाही' म्हणा. बास.

शब्दहमाल

काका, मान्य. मला कॅप्शन कळतं, काहील कळत नाही. ओळ मागे घेते.

मग दावा सगळ्या बाजारावर नको, फक्त स्वतःच्या गुळावर करू:

> आमचा गूळ पिवळाधमक नसतो.
>
> काहिलीत हायड्रॉस पडत नाही. मळी काढायला भेंडीचा चीक आणि थोडा चुना, एवढंच. म्हणून यंदाचा रंग तांबूस आहे...

पहिलं वाक्य चार शब्दांचं आहे, लांब युजरनेम असलं तरी मावेल, रीलच्या एका ओळीतही मावेल. विकणारा माणूस स्वतःच्या मालात काय 'नाही' ते सांगतोय म्हटल्यावर वाचणारा थबकतो. आणि चपलावाल्या दादांसारखं झालं, म्हणजे तेवढंच वाचून कुणी पुढं गेलं, तरी त्यात खोटं काही नाही.

फोटोही त्या ओळीला धरून हवा. वर देवाच्या नैवेद्याचा फोटो आणि खाली रंगाची गोष्ट, असं नको. फोडलेल्या ढेपेचा, उन्हात काढलेला, फिल्टर न लावलेला फोटो टाका. फिल्टरनं गूळ पिवळा दिसला की ओळ पडली.

नमस्काराचं म्हणाल तर तो शेवटी घाला, मामंजींच्या नावानं. जो शेवटपर्यंत वाचतो तोच खरा दारात आलेला पाहुणा.

राजारामपुरी_रील्स

माझ्या मते पहिल्या ओळीत भावच टाकावा. तीनपैकी एक प्रश्न तिथंच मिटला.

शब्दहमाल

भाव आधी दिसला की लोक दुकानातल्या भावाशी ताडून बघतात आणि जातात, फरक का आहे ते वाचतच नाहीत.

राजारामपुरी_रील्स

आणि भाव लपवला की 'डीएम करा' छाप वाटतं. मी स्वतः भाव न दिसणारी पोस्ट सोडून देतो.

चपलांचा_धंदा

मी फोटोवरच भाव लिहितो. दोघांचं भांडण मिटलं.

गुळाची_सून

एक विचारायचं राहिलं. लोकांनी more दाबलं का नाही, हे इनसाइट्समध्ये कुठं दिसतं?

शब्दहमाल

तो आकडा तिथं मिळत नाही. रीच, सेव्ह, शेअर दिसतात, पण त्यावरून नेमकं हेच सांगता येत नाही. मी खूण पेरते. कापल्याच्या बरंच खाली लिहायचं, "ऑर्डर देताना मेसेजमध्ये 'काकवी' लिहा, छोटी बाटली सोबत पाठवू." ज्याच्या मेसेजमध्ये तो शब्द आला, त्यानं खालपर्यंत वाचलं.

गुळाची_सून

*(नऊ दिवसांनी)*

कळवायला उशीर झाला, गाळप जोरात आहे. वरची ओळ तशीच टाकली, फोडलेल्या ढेपेचा फोटो, भाव फोटोच्या कोपऱ्यात. पहिल्यांदा टाकली तेव्हा सासूबाईंच्या फोनवर दुसरी ओळ 'काहिलीत हायड्रॉस पड...' अशी तुटत होती, म्हणजे अर्थाचा पार बट्ट्याबोळ! 'हायड्रॉस नाही. काहिलीत फक्त...' असं फिरवलं, मग कुठंही तुटलं तरी चालतंय. युजरनेममधलं आडनावही काढलं, त्यावर घरात थोडी चर्चा झाली.

१९ मेसेज आले. त्यातल्या ११ जणांनी 'काकवी' लिहिलं होतं. हायड्रॉसचा प्रश्न एकानंच विचारला. भाव चौघांनी विचारला, फोटोवर असूनही. पण त्याच आठवड्यात एका पुण्याच्या ताईंनी आमची पोस्ट त्यांच्या स्टोरीला लावली होती, त्यामुळं ओळीचा गुण किती आणि त्यांचा किती, काही कळेना.

शब्दहमाल

ते एका पोस्टवरून कळणार नाही. पुढच्या दोन पोस्टना फोटो तसाच ठेवा आणि एकदा भाव पहिल्या ओळीत घालून बघा. राजारामपुरीवाले बरोबर निघाले तर इथं येऊन सांगा.

राजारामपुरी_रील्स

स्क्रीनशॉट टाका म्हणजे झालं.

उभ्या_मारुतीचा_शेजारी

मी 'काकवी' लिहून मेसेज केलाय. बाटली आली नाही अजून.

गुळाची_सून

दादा, सोबत गुळाची ऑर्डर द्यायची असते. तुम्ही पुढचं वाचलं नाही 😄