अनुभव धागा: मालकाला पाठवलेला ‘ड्रायव्हर आहे, काम हवंय’ मेसेज – काय लिहिलंत, काय वाचलंत?

धागा काढणारा

माझा मामेभाऊ साताऱ्याचा, बारा वर्षं ट्रकवर. मागच्या दिवाळीला जुनी गाडी सुटली आणि त्याने सात मालकांना व्हॉट्सॲपवर एकच मेसेज टाकला: ‘नमस्कार सर मी अनुभवी ड्रायव्हर आहे सर्व गाड्या चालवतो रेकॉर्ड क्लीन आहे काम असेल तर सांगा.’ सातही जणांनी वाचला, निळ्या खुणा आल्या. उत्तर एकाचंही नाही. मग आम्ही दोघं ओट्यावर बसून तोच मेसेज पुन्हा लिहिला. तो खाली टाकतोच. आधी तुमचं सांगा. ड्रायव्हर असाल तर काय लिहिलंत आणि मालक असाल तर कोणता मेसेज वाचून फोन उचललात?

चाकणवाले

माझ्या अकरा गाड्या आहेत, सहा टायर आणि दहा टायर. असे मेसेज महिन्याला वीस-पंचवीस येतात. ‘सर्व गाड्या चालवतो’ वाचलं की मी पुढे जातो. सर्व गाड्या कोणीच चालवत नाही. जो लिहितो ‘17 फुटी आयशर 4 वर्षं, 10 टायर 3 वर्षं, चाकण-हैदराबाद लाइन’, त्याला मी जेवणाचा डबा बाजूला ठेवून फोन करतो.

आणि पहिल्याच फोनला लायसन्स नंबर व जन्मतारीख मागतो. sarathi.parivahan.gov.in वर टाकली की दोन मुदती दिसतात, एक नॉन-ट्रान्सपोर्टची, एक ट्रान्सपोर्टची. ड्रायव्हर लोक कार्डावरची लांबची तारीख बघून खुश असतात. मागे एक पोरगा आला, चांगला वाटला, ‘लायसन्स 2034 पर्यंत’ म्हणाला. बघितलं तर 2034 नॉन-ट्रान्सपोर्टचं, आणि ट्रान्सपोर्ट 11 दिवसांपूर्वी संपलेलं. तो खोटं बोलत नव्हता हो, त्याला माहीतच नव्हतं.

घाटवळण

11 दिवस म्हणजे काही नाही. संपल्यावर 30 दिवस चालतं, कायद्यातच आहे. उगाच पोराची भाकरी घालवली.

निवृत्त एजंट, नाशिक

घाटवळण, तो कायदा होता. 2019 च्या दुरुस्तीत ती 30 दिवसांची सवलत गेली. आता मुदतीच्या एक वर्ष आधीपासून आणि संपल्यानंतर एक वर्षापर्यंत नूतनीकरण करता येतं. पण संपल्यानंतर केलंत तर नवं लायसन्स नूतनीकरणाच्या तारखेपासून धरतात, मधले दिवस कोरेच राहतात. वर्ष उलटलं तर पुन्हा परीक्षा. त्या कोऱ्या दिवसांत गाडी ठोकली तर विमा कंपनी आधी समोरच्याला पैसे देऊन नंतर मालकाकडून वसूल करू शकते, आणि स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा तर अडकतोच. चाकणवाल्यांनी बरोबर केलं.

ट्रान्सपोर्टची मुदत आता 5 वर्षं आहे, आधी 3 होती. नूतनीकरणाला डॉक्टरचा फॉर्म 1-ए लागतो. त्यामुळे मेसेजमध्ये नुसतं ‘लायसन्स आहे’ न लिहिता ‘ट्रान्सपोर्ट अमुक महिन्यापर्यंत’ असंच लिहावं. ते लिहायच्या निमित्ताने ड्रायव्हर स्वतः तारीख बघतो, हाही फायदाच.

घाटवळण

बरं. माझं 2027 पर्यंत आहे, आत्ताच बघितलं.

नवीन पण हौशी

माझ्याकडे फक्त एलएमव्ही आहे. सुप्रीम कोर्टाने सांगितलंय ना की एलएमव्हीवर ट्रक चालतो? मग मी ‘हेवी चालवू शकतो’ लिहिलं तर काय बिघडलं?

निवृत्त एजंट, नाशिक

अर्धंच ऐकलंस भाऊ. नोव्हेंबर 2024 मध्ये घटनापीठाने सांगितलं ते 7,500 किलोपेक्षा कमी एकूण वजनाच्या गाडीबद्दल, भरलेल्या मालासकट. छोटा हत्ती, पिकअप, 407 यात बसतात. आरसीवर जीव्हीडब्ल्यू लिहिलेलं असतं, ते बघ. दहा टायर यात बसत नाही, आणि धोकादायक माल तर नाहीच नाही. ‘एलएमव्ही, 7.5 टनाखालची गाडी’ असं सरळ लिही. छोट्या गाड्यांच्या मालकाला तेवढं पुरतं.

चाकणवाले

पुरतं, पण मला नाही. माझ्या विम्याचा सर्व्हेअर आजही ट्रान्सपोर्टचा शिक्का विचारतो. निकाल दाखवला की ऐकतो, पण दोन आठवडे खातो.

कळंबोली स्टँड

मी कंटेनर ट्रेलर चालवतो, 40 फुटी, न्हावा-शेवा ते भिवंडी. आमच्याकडे मालक मेसेज वाचत नाही, यार्डात बोलावतो आणि म्हणतो ‘रिव्हर्स घे’. ट्रेलर मागे घेताना स्टेअरिंग उजवीकडे वळवलं की पेटी डावीकडे जाते. जो जास्त वळवतो त्याची पेटी मुडपते आणि तिथेच कळतं कोण खरा. मी मेसेजमध्ये एवढंच टाकलं होतं: ‘ट्रेलर 6 वर्षं. भिवंडीच्या गल्लीत रिव्हर्स घेतो, क्लीनरशिवाय.’ दोन तासांत फोन.

सौ. ट्रान्सपोर्ट

आमच्या ह्यांचा मेसेज मीच लिहिते, त्यांना टाइप करणं जमत नाही. आधी ते आवाजाचा मेसेज पाठवायचे, तीन मिनिटांचा. एक मालक म्हणाले, ‘वहिनी, तीन मिनिटं मी गाणंसुद्धा ऐकत नाही.’ मग मी लिहायला घेतलं. पण ह्यांना विचारलं की कोणती गाडी, की ‘लेलँड’ म्हणायचे. किती टायर, बॉडी कोणती, बीएस-6 चालवलीय का, हे सगळं खोदून काढावं लागलं. बीएस-6 चं मी का विचारते ते सांगते. पहिल्या मालकांनी विचारलं ‘युरियाचा दिवा लागला तर काय करता?’ हे म्हणाले ‘कसला दिवा?’ काम गेलं. आता ह्यांना दिवा कळतो आणि मी तसं लिहिते.

गॅसवाला, मनमाड

‘टँकर चालवतो’ असं लिहिणाऱ्यांचा मला राग येतो. पाण्याचा, दुधाचा, पेट्रोलचा, गॅसचा, सगळे टँकरच. गॅस-पेट्रोलसाठी लायसन्सवर धोकादायक मालाची वेगळी नोंद लागते, आधी तीन दिवसांचं प्रशिक्षण. त्या नोंदीची मुदत 3 वर्षांची, ट्रान्सपोर्टच्या 5 वर्षांशी जुळत नाही. म्हणून आमच्या मेसेजमध्ये दोन तारखा लागतात. आणि टँकर अर्धा भरलेला असला की माल वळणावर बाजूला ढकलतो, ब्रेक मारून गाडी थांबली तरी पुढे एक हिसका येतो. दुधावर दहा वर्षं काढलेला माणूस हे जाणतो, कंटेनरवाला नाही. ‘दुधाचा टँकर, आतून कप्पे नसलेला’ असं कोणी लिहिलं तर मी उठून चहा देईन.

पुणेकर ४११०३०

माझ्या वडिलांना कारसाठी ड्रायव्हर हवाय, रोज दवाखान्यात न्यायला. इथे कोणी आहे का? पगार फोनवर.

धागा काढणारा

पुणेकर, हा धागा वेगळा आहे. तरी कोणी असेल तर कळवेल.

बारा टायर, सोलापूर

सगळे लायसन्स-लायसन्स करताहेत. माझा प्रश्न ‘क्लीन रेकॉर्ड’चा. ते कुठे लिहिलेलं असतं? माझ्या नावावर ई-चलन एकही निघत नाही, कारण चलन गाडीच्या नंबरवर पडतं, म्हणजे मालकावर. मी अकरा चलनं फाडली तरी माझं पान कोरंच. मग मी ‘क्लीन’ लिहायचं का?

चाकणवाले

म्हणून मी ‘क्लीन’ शब्दाला किंमत देत नाही, मागच्या मालकाच्या नंबराला देतो. त्यांना तीन गोष्टी विचारतो: उचल बाकी आहे का, पोच वेळेवर येत होती का, डिझेलचा हिशेब जुळत होता का. चौथं विचारावं लागत नाही. उचल घेऊन पळालेला माणूस गाडी कितीही चांगली चालवू दे, मी घेत नाही.

बारा टायर, सोलापूर

आणि मागच्या मालकानेच माझा दोन महिन्यांचा पगार बुडवला असेल तर? त्याचा नंबर देऊ?

चाकणवाले

मग त्याच्या आधीच्याचा दे. आणि हे मेसेजमध्ये लिहू नकोस, फोनवर सांग. लिहिलेलं भांडण वाईट दिसतं.

खंबाटकी

माझं सांगतो. 2021 ला खंबाटकीत उतरताना पुढच्या कारला मागून लागलं. कारवाल्याचं मनगट मोडलं. माझ्यावर गुन्हा, कोर्टात तारखा अजून चालू. गाडी न्यूट्रलला नव्हती, तिसऱ्या गियरला होती, एक्झॉस्ट ब्रेक चालू होता. पण कारने अचानक थांबून लेन बदलली हे मी कुणाला सिद्ध करून दाखवू? नंतर कामासाठी मेसेज लिहिताना दोन रात्री विचार केला. शेवटी लिहिलं: ‘13 वर्षांत एक अपघात, 2021, केस चालू, मृत्यू नाही, विमा कंपनी बघते आहे.’ पाचपैकी चौघांनी उत्तर दिलं नाही. पाचव्याने घेतलं, आज तीन वर्षं त्याच्याकडेच आहे.

घाटवळण

चौघांनी दिलं नाही म्हणजे लिहायला नको होतं. केस चालू आहे, निकाल नाही. ‘क्लीन’ म्हणता येतंच.

निवृत्त एजंट, नाशिक

दोषी ठरला नाही तोवर दोषी नाही, हे खरं. पण मालक पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी मागतात, तिथे नोंद दिसू शकते. मी तर लिहा असंच सांगेन. पण पोट माझं नाही, तुमचं आहे.

सौ. ट्रान्सपोर्ट

एक सावधगिरी. ह्यांनी एकदा अनोळखी नंबरवर लायसन्स आणि आधार दोन्हींचे फोटो पाठवले. समोरून ‘युनिफॉर्मचे पंधराशे’ मागितले. पैसे दिले नाहीत, पण फोटो गेलेच. आता मी पहिल्या मेसेजमध्ये फक्त मुदत आणि गाडीचा प्रकार लिहिते, नंबर फोन आल्यावर.

चाकणवाले

वहिनी, पण नंबर मिळाला तर मी दोन मिनिटांत बघून फोन करतो, नाहीतर राहून जातं. तुमचंही खरं आहे म्हणा.

धागा काढणारा

हा घ्या भावाचा दुसरा मेसेज, नाव-गाव काढून:

‘नमस्कार साहेब. ट्रान्सपोर्ट हेवी लायसन्स, मुदत मार्च 2028. 14 फुटी आयशर 3 वर्षं, 10 टायर 7 वर्षं, बीएस-6 गाडी 2 वर्षं. पुणे-बेंगळुरू आणि पुणे-नागपूर लाइन माहीत, खंबाटकी आणि वरंधा दोन्ही घाट केलेत. 12 वर्षांत अपघात नाही, एकदा 2019 ला पावसात ताडपत्री फाटून 6 गोण्या भिजल्या, भरपाई पगारातून दिली. उचल बाकी नाही. मागच्या मालकांना विचारू शकता, त्यांना सांगून ठेवलं आहे. लायसन्स नंबर मागाल तेव्हा देतो.’

भिजलेल्या गोण्यांवरून आमचं भांडण झालं होतं. मी म्हणत होतो काढ ते. तो म्हणाला, ‘मालक फोन करणारच आहे, मग माझ्याकडूनच कळू दे.’ चार जणांना पाठवला, दोघांचे फोन आले. एकाने पहिला प्रश्न विचारला तो गोण्यांचाच: ‘ताडपत्री कुठून फाटली होती?’ हा म्हणाला, ‘मागच्या डाव्या कोपऱ्याला, दोरीने घासून.’ तो म्हणाला, ‘सोमवारी ये.’

बारा टायर, सोलापूर

दुसऱ्याचा फोन आला होता तो का जमला नाही, ते सांगा ना.

धागा काढणारा

त्याने पगार ट्रिपवर सांगितला, भत्ता धरून. भावाला महिन्याचा हवा होता.