अनुभव सांगा : दहा दिवस आपला गोंगाट सोसणाऱ्या शेजाऱ्यांचे आभार कसे मानलेत?

नंदनवनमधल्या आमच्या गल्लीच्या मंडळाचा मी सचिव. दरवर्षी विसर्जनानंतर फलकावर 'सहकार्याबद्दल आभार' एवढं लिहून आम्ही मोकळे व्हायचो. यंदा मांडवाला लागून असलेल्या घरांत स्वतः जायचं ठरवलं. आधी सगळ्यांसाठी एकच पत्र लिहिलं होतं, ते फाडलं. त्या घरानं नेमकं काय सोसलं तेच प्रत्येक पत्रात लिहिलं. कोणाचं फाटक दहा दिवस अडलं होतं, कोणी कार तीन गल्ल्या सोडून लावली होती.

सर्वांत अवघड पत्र मांडवामागच्या आजींचं होतं. तिसऱ्या दिवशी त्यांच्याकडे प्रसाद द्यायला गेलो, तर त्या कपाटाच्या काचेच्या फटीत वर्तमानपत्राच्या घड्या कोंबत होत्या. आरतीनंतर गाणी लागली की काच तडतडायची आणि त्यांना झोप येईना. माझ्याकडे एकदाही तक्रार आली नव्हती, म्हणून सगळं ठीक आहे असं मी धरून चाललो होतो. मोबाइलवर आवाज मोजला तर आकडाही फार वाटला नाही. मग काच का हलते, हे मला कळेना.

तुमच्या मंडळाचं किंवा शेजारी म्हणून तुमचं काय, ते सांगा.

साउंडचं काम करणारा, इतवारी
दादा, मोबाइलवरचं मोजमाप माणसाच्या कानाच्या हिशेबानं असते, त्यात खालचा धमधम आवाज फार कमी धरला जाते. आकडा ठीक दिसते अन् भिंत हलून राहते. तुमचा बेसचा डबा कुठं होता? आजींच्या कंपाउंडच्या कोपऱ्यात असन, तर दोन भिंती अन् जमीन मिळून त्याचा जोर वाढवते. स्पीकरचं तोंड फिरवून फायदा नाही, बेस चारही बाजूंनी पसरते. डबा कोपऱ्यातून काढून मोकळ्यात ठेवा अन् बेसचा आवाज वेगळा कमी करा. गाण्याचे शब्द तेवढेच ऐकू येतात. कपाटाच्या काचेवर बोट ठेवून पाहा, त्याच्याहून चांगलं मीटर नाही.

सचिव, नंदनवन
भाऊ, डबा कोपऱ्यातच होता! चौथ्या दिवशी मांडव बांधणाऱ्याला अडचण झाली म्हणून तो रस्त्याच्या बाजूला सरकवला, आणि त्याच रात्री आजी म्हणाल्या, 'आज बरं वाटलं.' आम्हाला वाटलं गाणी बदलली म्हणून. म्हणजे पहिले तीन दिवस त्यांना उगाच त्रास झाला. त्यांच्या पत्रात आता हेही लिहितो.

मंडळ कार्यकर्ता, प्रतापनगर
आभार मानावेत, पण एवढं अपराधी कशाला वाटून घ्यायचं? गणपतीत दहाही दिवस रात्री बारापर्यंत परवानगीच असते.

निवृत्त शिक्षिका, धरमपेठ
दहाही दिवस नसते हो. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद, हा मूळ नियम. बारापर्यंतची सूट सरकार सगळ्या सणांना मिळून वर्षात जास्तीत जास्त पंधरा दिवसच देऊ शकतं, आणि गणपतीतले कोणते दिवस ते त्या वर्षी जाहीर होतं. रुग्णालय, शाळा, न्यायालयाच्या शंभर मीटरच्या शांतता क्षेत्रात तर सूटही नाही. आणि सूट असलेल्या दिवशीही आवाजाची मर्यादा सुटत नाही, फक्त वेळ वाढते.

एक ताई, मानेवाडा
आमच्या शेजारच्या लग्नाच्या लॉनवरचं जनरेटर रात्रभर चालतं, त्यांना कोण सांगणार? त्यांनी तर कधी पेढासुद्धा दिला नाही.

नर्स, मेडिकल चौक परिसर
माझी रात्रपाळी. मी दिवसा झोपते, आणि दुपारच्या स्पर्धा, भजनं सगळी त्याच वेळी. रात्री दहाच्या नियमाचा मला काही उपयोग नाही. मंडळाची मुलं मोदकांचा डबा घेऊन आली, प्रेमानं बोलली, मी घेतला. पण मला डब्याऐवजी पहिल्या दिवशी कार्यक्रमाचा कागद हवा होता, कोणत्या दुपारी माईक चालू राहणार ते सांगणारा. त्या दिवशी मी बहिणीकडे झोपायला गेले असते.

सचिव, नंदनवन
ताई, हे आम्हाला सुचलंच नव्हतं. पुढच्या वर्षी कागद मांडव पडायच्या आधी घरोघरी देऊ. पण दुपारची स्पर्धा लहान मुलांची असते, ती रात्री नेता येत नाही, यावर मला उत्तर सापडलेलं नाही. कोणाच्या मंडळानं जमवलं असेल तर सांगा.

काकू, महाल
आमच्या घरात रोज पंधरावीस अनोळखी माणसं 'पाणी द्या', 'बाथरूम कुठं' म्हणत यायची. गर्दीचं हे ओझं आवाजाएवढंच असतं. विसर्जनानंतर दोन पोट्टे आले, त्यांनी आमची पायरी आणि ओटा पाण्यानं घासून धुतला, गुलाल निघेपर्यंत. तोंडानं काही बोलले नाहीत. जाताना एकानं विचारलं, 'काकू, पुढच्या वर्षी पाण्याचा पिंप तुमच्या दारापासून दूर, कोपऱ्यावर ठेवू काय?' मी म्हटलं, ठेवा, आणि जवळ एक शौचालयही मागवा.

सचिव, नंदनवन
आजींकडे जाऊन आलो. पत्र त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं. मग कपाटातून वर्तमानपत्राच्या घड्या काढून माझ्या हातात दिल्या. म्हणाल्या, 'आता ह्या तुझ्याकडेच ठेव.'