गृहकर्ज: फिक्स्ड ९.५ की फ्लोटिंग ८? एकूण परतफेडीचा हिशोब कसा करायचा?

चिंचेचं_पान
नमस्कार मंडळी. नाशिकला फ्लॅट बुक केलाय. कर्ज ४० लाख, मुदत २० वर्षं. बँकेने दोन पर्याय दिलेत: रेपोला जोडलेला फ्लोटिंग दर ८ टक्के, नाहीतर फिक्स्ड ९.५. हप्ता फ्लोटिंगला ३३,४५८ आणि फिक्स्डला ३७,२८५. वीस वर्षांत एकूण ८०.३० लाख की ८९.४८ लाख, म्हणजे सव्वानऊ लाखांच्या आसपास फरक. पण फ्लोटिंगचा आकडा दर तसूभरही हलला नाही तरचा आहे, तो धरून काय करू? अहोंचं म्हणणं, फिक्स्ड घेऊ, झोप तरी लागेल. दर नेमका किती वाढला तर फिक्स्ड परवडतं? दोघांचेही पगार आहेत, पण माझी नोकरी कंत्राटी आहे.

भरत_पुणे
एवढा विचार कशाला? दर ९.५ च्या वर गेला की फिक्स्ड स्वस्त, खाली राहिला की फ्लोटिंग. आणि २०२५ मध्ये फेब्रुवारी ते जून रेपो एक टक्का उतरलाय. डोळे मिटून फ्लोटिंग.

जुना_लेजर
भरतराव, रेपो उतरला हे खरं, पण मे २०२२ मध्ये तो ४ होता आणि फेब्रुवारी २०२३ ला ६.५. नऊ महिन्यांत अडीच टक्के. तेव्हा डोळे मिटून बसलेले पुढच्या हप्त्याला खडबडून जागे झाले.

आणि ९.५ ही सीमारेषा नाही. दर किती वाढतो याच्याइतकंच तो कधी वाढतो हे महत्त्वाचं, कारण सुरुवातीला मुद्दल मोठी असते. ताईंचंच कर्ज घ्या. दोन वर्षं ८ टक्क्यांनी भरलं की मुद्दल ३८.२४ लाख उरते. तिथून दर अडीच टक्के वाढून १०.५ झाला आणि शेवटपर्यंत तिथेच राहिला, तर उरलेल्या २१६ महिन्यांचा हप्ता ३९,४७१ होतो. एकूण ९३.२९ लाख. म्हणजे फिक्स्डपेक्षा ३.८१ लाख जास्त.

पण तोच दर तीन वर्षं १०.५ ला राहून परत ८ वर आला, तर हप्ता ३४,१२४ वर येतो आणि एकूण ८३.६६ लाख. इथे फ्लोटिंग पावणेसहा लाखांहून जास्त वाचवतं. मधली तीन वर्षं मात्र महिन्याला सहा हजार जादा मोजायची तयारी हवी.

बरोबरीचा दर विचारलात, तो असा. दोन वर्षांनी कायमची वाढ झाली तर साधारण ९.८ ला दोन्ही पर्याय सारखे होतात. तीच वाढ पाच वर्षांनी झाली तर जवळपास १०.४५ पर्यंत फ्लोटिंग तग धरतं, कारण तोवर कमी हप्त्याचा फायदा पदरात पडलेला असतो. एक्सेलमध्ये प्रत्येक टप्प्याला हे टाका आणि दर बदलून बघा:

```
=PMT(10.5%/12, 216, -3824000)
```

गोदाकाठ
माझं कर्ज २०१४ चं, बेस रेटचं. सगळीकडे दर उतरल्याच्या बातम्या, आणि माझा हप्ता हलायला तयार नाही. शाखेत गेलो तर म्हणे अर्ज करा, शुल्क भरा, मग रेपोवर घेऊ. फ्लोटिंगवाल्यांनो, आधी हे सांगा!

जुना_लेजर
काका, ते जुन्या कर्जांचं दुखणं. ऑक्टोबर २०१९ पासून बँकांना नवीन फ्लोटिंग गृहकर्ज रेपोसारख्या बाहेरच्या दराला जोडावं लागतं आणि तीन महिन्यांतून एकदा तरी दर बदलावा लागतो. ताईंना तो त्रास नाही. तुम्ही मात्र शुल्क भरून टाका. वर्षाचं व्याज किती वाचतं ते मांडलंत तर उत्तर तुम्हालाच दिसेल.

चिंचेचं_पान
लेजरकाका, खूप आभार. पण बँकेतला मुलगा म्हणाला, "मॅडम, दर वाढला तरी हप्ता तोच राहतो, फक्त मुदत थोडी वाढते." मग ३९ हजारांचा प्रश्नच येत नाही ना?

जुना_लेजर
हे "थोडी" फार महाग पडतं. समजा दोन वर्षांनी दर फक्त ९.५ झाला. तुम्ही मुदत तीच ठेवून हप्ता वाढवला तर तो ३७,०१२ होतो आणि एकूण ८७.९८ लाख, म्हणजे फिक्स्डपेक्षा अजूनही कमीच. हप्ता ३३,४५८ च ठेवला तर २१६ ऐवजी जवळपास २९८ महिने भरत बसाल, एकूण १०७.८१ लाख. दर तोच, कर्ज तेच, आणि वीस लाखांच्या आसपास फरक केवळ वाढ कशी अंगावर घेतली यामुळे.

आणि १०.५ ला काय होतं बघा. ३८.२४ लाखांचं महिन्याचं व्याज ३३,४५९ होतं, आणि हप्ता ३३,४५८. मुद्दल एक रुपयाही फिटत नाही! तिथे बँकेला हप्ता वाढवावाच लागतो. रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकानुसार दर बदलताना हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही थोडं थोडं, ही निवड कर्जदाराची. एसएमएस आला की त्याच आठवड्यात लेखी कळवा, नाहीतर मुदत वाढलेलं कोष्टक हातात पडतं.

स्नेहल_ठाणे
आमचा उपाय: घ्यायचं फ्लोटिंग, भरायचा हप्ता फिक्स्डचा. ८ टक्क्यांनी ३७,२८५ भरत गेलात तर कर्ज १८९ महिन्यांत संपतं, एकूण साधारण ७०.५ लाख. फ्लोटिंग गृहकर्जावर वैयक्तिक कर्जदाराला मुदतीआधी फेडल्याचा दंड नसतो, म्हणून हे जमतं. फिक्स्डला दंड आहे का ते मंजुरीपत्रात बघा.

भरत_पुणे
म्हणजे मी बरोबरच होतो की, फ्लोटिंगच.

स्नेहल_ठाणे
उत्तर बरोबर, कारण चुकीचं 🙂 आणि तेही दरमहा ३,८०० जास्त खरंच भरणाऱ्यालाच. दिवाळीत मोडणाऱ्याला नाही.

चिंचेचं_पान
मंजुरीपत्र आत्ता नीट वाचलं. "फिक्स्ड" दर फक्त पहिल्या तीन वर्षांसाठी आहे, नंतर "त्या वेळच्या फ्लोटिंग दराने". म्हणजे ८९.४८ लाखांचा आकडाच खोटा?

जुना_लेजर
तो आकडा विसरा. मग तुलना तीनच वर्षांची. दर न हलता फिक्स्डला हप्त्यातून १.३८ लाख जास्त जातात, आणि तीन वर्षांनंतर मुद्दलही ४२ हजारांनी जास्त उरते (३७.६७ विरुद्ध ३७.२५ लाख). म्हणजे तीन वर्षांच्या निश्चिंतीचा विमा १.८० लाखांना. त्यानंतर दर वाढले तर तुम्ही आणि फ्लोटिंगवाले एकाच होडीत.

गोदाकाठ
एक लाख ऐंशी हजार? माझा बेस रेटवाला जीव याहून जास्त दरवर्षी देतो वाटतं.

स्नेहल_ठाणे
कंत्राटी नोकरी असताना पहिली तीन वर्षं हप्ता पक्का असणं याला किंमत आहे असं मला वाटतं. १.८० लाख जास्त आहेत, पण अव्वाच्या सव्वा नाहीत.

जुना_लेजर
मी नाही देणार. त्याऐवजी सहा हप्त्यांएवढी रक्कम मुदत ठेवीत बाजूला ठेवेन, दर वाढला तर त्यातून फरक भरता येतो आणि नोकरी गेली तरी कामी येते. पण ती रक्कम आज हातात असेल तरच. आहे का, ताई?

चिंचेचं_पान
आत्ता चारच हप्त्यांची आहे, स्टॅम्प ड्युटीला बरंच गेलं. अहोंना हा धागा दाखवते. तीन वर्षांनंतरचा दर रेपोवर किती टक्के चढवून लावणार, तेही बँकेकडून लेखी मागवलंय. उत्तर आलं की इथे टाकते.