इरेझरचा प्रयोग: आज घेतलेला निर्णय कालची नोंद बदलतो का?

मध्यरात्र
परवा क्वांटम इरेझरच्या प्रयोगाचा एक व्हिडिओ पाहिला. फोटॉन पडद्यावर आपटून नोंदला गेला, त्यानंतर त्याच्यासोबत तयार झालेल्या जोडीदार फोटॉनचं काय करायचं ते ठरलं, आणि त्यावरून आधीच्या फोटॉनने उजेड-अंधाराचे पट्टे काढले की नाही हे ठरलं, असं त्यात होतं. प्रयोग १९९९ चा आहे आणि खरा आहे. मग भविष्य भूतकाळ बदलतं असं सरळ का म्हणू नये? माझं मत आहे की म्हणावं. विरोध असेल तर कारण सांगा.

अवकाशवेडी
मला यात विशेष काही वाटत नाही. रात्री आपण तारा बघतो तो शेकडो वर्षांपूर्वीचा असतो. म्हणजे भूतकाळ आपल्यासमोर उघडाच आहे, नाही का?

प्रकाशवाट
ताई, ताऱ्याचा जुना प्रकाश आत्ता पोचतो, एवढंच तिथे घडतं. आपण पाहिलं म्हणून ताऱ्यावर काही बदलत नाही. इथला दावा नोंद झालेली गोष्ट बदलण्याचा आहे, तो वेगळा.

मध्यरात्र, मी बरीच वर्षं फोटॉनच्या जोड्या मोजण्याचं काम केलंय, म्हणून आधी एक सांगतो. त्या व्हिडिओंमध्ये पडद्यावर कधी पट्टे आणि कधी नुसता सपाट डाग उमटताना दाखवतात. तसं प्रयोगात कधीच घडलं नाही. यून-हो किम आणि सहकाऱ्यांच्या प्रयोगात लेसरचा किरण दोन फटींतून जाऊन बीबीओ स्फटिकावर दोन जागी पडतो. त्यातल्या कुठल्यातरी एका जागी ३५१.१ नॅनोमीटरच्या एका फोटॉनचे ७०२.२ नॅनोमीटरचे दोन होतात. एक डी० या डिटेक्टरकडे जातो. हा डिटेक्टर मोटरने हळूहळू सरकवत नेतात. दुसरा सुमारे ८ नॅनोसेकंद उशिरा पोचतो. त्याच्या वाटेत अर्धपारदर्शक आरसे आहेत. तो डी३ किंवा डी४ वर गेला तर जोडी कुठल्या जागी तयार झाली ते कळतं. डी१ किंवा डी२ वर गेला तर ती खूण पुसली जाते, म्हणून नाव इरेझर. इथे माणूस काहीच ठरवत नाही, फोटॉन आरशातून पार जातो की परत फिरतो त्यावर सगळं.

आता मुद्दा. डी० च्या सगळ्या नोंदी एकत्र काढा, पट्टा एकही दिसत नाही. जोडीदाराचं काहीही झालेलं असो, डी० चा आलेख तोच, सपाट. पट्टे दिसतात ते फक्त नंतर, दोन्हीकडच्या वेळा जुळवून 'ज्यांचा जोडीदार डी१ वर गेला' एवढ्याच नोंदी वेगळ्या काढल्यावर.

मध्यरात्र
पण वेगळ्या काढल्यावर दिसतात ना! डी३ वाल्या नोंदींत नाहीत, डी१ वाल्यांत आहेत. आधीच पडलेल्या फोटॉनला आपला जोडीदार पुढे कुठे जाणार हे कसं ठाऊक?

प्रकाशवाट
सोपे आकडे धरून दाखवतो. हे आकडे माझे आहेत, हिशोबाची रीत प्रयोगातली. डी० तीन जागी ठेवला आणि प्रत्येक जागी ४०० जोड्या मोजल्या.

पहिल्या जागी ४०० पैकी १०० डी३ ला, १०० डी४ ला, २०० डी१ ला, डी२ ला शून्य. थोडं सरकून दुसऱ्या जागी: डी३ आणि डी४ ला पुन्हा १००-१००, पण डी१ आणि डी२ लाही १००-१००. आणखी सरकून तिसऱ्या जागी: १००, १००, डी१ ला शून्य, डी२ ला २००.

आता डी१ चा रकाना खाली वाचा: २००, १००, शून्य. हा पट्टा. डी२ चा रकाना: शून्य, १००, २००. हाही पट्टाच, फक्त उलटा, जिथे पहिला उजळ तिथे हा काळा. दोन्ही एकावर एक ठेवले की २००, २००, २००. पट्टा गेला. मूळ शोधनिबंधातही डी१ आणि डी२ चे पट्टे असेच अर्ध्या पट्ट्याने सरकलेले आहेत. व्हिडिओवाले डी१ चा आलेख दाखवतात आणि डी२ चा गाळतात. सगळा गोंधळ त्या गाळलेल्या आलेखातून झालाय.

आणि तुमच्या प्रश्नाचं उत्तर आडव्या ओळीत आहे. पहिला फोटॉन पहिल्या जागी पडला, तर त्याचा जोडीदार खूण पुसणाऱ्या वाटेवर गेल्यास डी१ लाच जाणार. तिसऱ्या जागी पडला तर डी२ लाच. म्हणजे आधी जे घडलं त्यावरून नंतरची शक्यता ठरली. घड्याळ सरळच चाललंय. तुम्ही तीच यादी उभी वाचली, मग तीच गोष्ट उलट्या दिशेने आल्यासारखी दिसली.

रोखठोक
म्हणजे शेवटी निवडणंच. ढिगातून लाल मिरच्या एकीकडे, हिरव्या एकीकडे केल्या आणि म्हणायचं की निवडल्यामुळे त्या लाल झाल्या. यात क्वांटम बिंटम काही नाही, उगाच गाजावाजा.

प्रकाशवाट
निवडणं हे बरोबर. 'क्वांटम काही नाही' हे चूक. मिरची निवडायच्या आधीपासून लाल असते. इथे प्रत्येक फोटॉनवर 'मी डी१ चा' आणि 'मी डाव्या फटीचा' असे दोन्ही शिक्के आधीच मारलेले होते असं धरून सगळी मोजमापं जुळवायला गेलात, तर बेलच्या असमानता, म्हणजे असे शिक्के आधीच असतील तर निकालांचा मेळ किती असू शकतो याच्या मर्यादा, आडव्या येतात. त्या तुटतात हे अशाच गुंतलेल्या जोड्यांवर मोजलं गेलंय. २०२२ चं नोबेल अ‍ॅस्पे, क्लाउझर आणि झायलिंगर यांना त्याच कामासाठी मिळालं. एकाच ढिगाची रंगाने निवड केली तर एक नक्षी आणि आकाराने केली तर दुसरी, असं मिरच्यांतही होईल. पण तिथे रंग आणि आकार दोन्ही प्रत्येक मिरचीला आधीपासून असतात. इथे तसं मानता येत नाही, आणि खरं नवल तिथे आहे. काळ उलटा वाहण्यात नाही.

फळा-खडू
मी बारावीला भौतिकशास्त्र शिकवतो. मुलं हाच व्हिडिओ घेऊन आली तेव्हा मी टेबलावर करून दाखवलं, ते सांगतो. लेसर पॉइंटरसमोर ताणून बसवलेली बारीक तार. तारेच्या डावीकडे पोलरॉइडचा एक तुकडा उभा, उजवीकडे दुसरा आडवा, जोड बरोबर तारेमागे. आता डावीकडचा प्रकाश उभा आणि उजवीकडचा आडवा झाला, म्हणजे वाटेची खूण बसली. भिंतीवरचे पट्टे गेले.

पहिल्या दिवशी फसलो होतो. एका बाजूचा प्रकाशच येईना. पॉइंटरचा प्रकाश मुळातच एका दिशेला ध्रुवीत होता. पॉइंटर स्वतःभोवती ४५ अंशांत फिरवून घट्ट बसवला, मग दोन्ही बाजू सारख्या उजळल्या.

मग भिंतीच्या अलीकडे तिसरा पोलरॉइड ४५ अंशांत तिरपा धरला. पट्टे परत आले, मुलं ओरडलीच. तोच विरुद्ध बाजूला ४५ अंशांत फिरवला, तेव्हाही पट्टे, पण मघाशी जिथे उजेड तिथे अंधार. एका मुलीने भिंतीवर कागद चिकटवून पहिल्या वेळचे उजळ पट्टे पेन्सिलने आखून ठेवले होते. दुसऱ्या वेळचे उजळ पट्टे बरोबर त्या रेघांच्या मधोमध पडले. 'सर, दोन्ही मिळून तर सपाटच होणार' हे तीच म्हणाली. प्रकाशवाट यांचे डी१ आणि डी२ हेच, असं माझं मत आहे.

रोखठोक
सर, हे तर साध्या लहरींनीही होतं. यात जोडी नाही, उशीर नाही.

फळा-खडू
मान्य. उशिराचा भाग यात नाही. पण खूण पुसल्यावर पट्टे दोन उलट जोड्यांत येतात, हे हाताने दिसतं.

मध्यरात्र
हिशोब पटला. पण समजा मी जोडीदार फोटॉन वर्षभर कुठे साठवले. डी० च्या नोंदींचा कागद ड्रॉवरमध्ये कुलूपबंद. वर्षाने मी ठरवलं, खूण पुसायची. तेव्हा?

प्रकाशवाट
कागदावरचा एकही ठिपका हलणार नाही. खूण पुसलीत, तर प्रत्येक जोडीदाराचा निकाल येईल, डी१ किंवा डी२, आणि त्या यादीने तुम्ही कागदावरचे काही ठिपके लाल पेन्सिलने गोल कराल. लाल ठिपक्यांत पट्टा दिसेल, उरलेल्यांत उलटा पट्टा. खूण न पुसता वाट विचारलीत, तर दुसरी यादी येईल आणि लाल ठिपके सपाट पसरतील.

तुमच्या हातात काय आहे ते नीट बघा. पुसायचं की वाट विचारायची एवढंच तुम्ही ठरवता. डी१ येणार की डी२, हे तुम्हाला ठरवता येत नाही. ते ठरवता आलं असतं तर कागदावर आधीच पट्टे दिसायला हवे होते, आणि तुम्ही गेल्या वर्षीच्या स्वतःला निरोप धाडला असतात. ठरवता येत नाही म्हणूनच ड्रॉवर आधी उघडून कुणालाही काही कळत नाही.

काटेकोर
प्रकाशवाट यांचा हिशोब बरोबर आहे, पण त्यांनी जेवढं सिद्ध केलं त्यापेक्षा थोडं जास्त म्हटलंय. मागे निरोप जात नाही, हे सिद्ध झालं. मागे काहीच जात नाही, हे नाही. ह्यू प्राइससारखे तत्त्वज्ञ गंभीरपणे म्हणतात की बेलच्या निकालांचा अर्थ लावायला उलट दिशेचा प्रभाव मानणं ही एक वाट आहे. ती वाट या प्रयोगाने बंद होत नाही.

प्रकाशवाट
बंद होत नाही हे कबूल. पण उघडतही नाही. या प्रयोगाचा प्रत्येक आकडा उलटा प्रभाव न मानता मिळतो. शिवाय झायलिंगर यांच्या गटाने असाच प्रयोग कॅनरी बेटांमधल्या १४४ किलोमीटर अंतरावर केला. तिथे दोन घटना अशा ठेवल्या होत्या की एकीकडून दुसरीकडे प्रकाशही वेळेत पोचू नये. अशा दोन घटनांत आधी कुठली, हे बघणाऱ्याच्या वेगावर अवलंबून असतं. एकाच्या घड्याळाने पुसणं आधी, दुसऱ्याच्या घड्याळाने नंतर. निकालांचा मेळ मात्र तोच. मग 'नंतरच्याने आधीचं बदललं' यातलं नंतरचं कुठलं धरायचं?

काटेकोर
ते सगळ्यांनाच लागू होतं, 'आधीच्याने नंतरचं ठरवलं' म्हणणाऱ्या तुमच्या आडव्या ओळीलाही.

प्रकाशवाट
हो, लागू होतं. किमच्या प्रयोगात क्रम ठरलेला होता म्हणून मी तसं बोललो. लांब ठेवलेल्या घटनांसाठी मी फक्त यादी मांडेन, बाण कुठल्याच दिशेने काढणार नाही.

मध्यरात्र
'भविष्य भूतकाळ बदलतं' हे माझं वाक्य मी मागे घेतो. डी२ चा आलेख मी आजवर पाहिलाच नव्हता. काटेकोर यांच्या मुद्द्यावर मात्र माझं अजून ठरलेलं नाही. सर, ती तार किती जाडीची घ्यायची?

फळा-खडू
केसाएवढी बारीक, विजेच्या जुन्या वायरमधला एक तंतू चालतो. भिंत दोन-तीन मीटरवर ठेवा आणि खोलीत अंधार करा. पोलरॉइडचा जोड तारेच्या सावलीबाहेर आला की पट्टे पुसट होतात, त्यात वेळ जातो.