मेरू स्वर्गाला टेकतो का?

वाईचा_भटक्या: लेकीच्या शाळेत ‘जगाचा खांब’ असा प्रकल्प दिलाय. नेटवर जिकडेतिकडे एकच चित्र: वर स्वर्ग, मध्ये पृथ्वी, खाली पाताळ आणि तिन्हींच्या आरपार मेरू पर्वत. पुराणात खरंच असं आहे, की चित्रवाल्यांनी ठोकून दिलंय?

पोथीवाली: विष्णुपुराणाचा दुसरा अंश उघडा, आकडेच दिलेत. मेरू जमिनीच्या वर ८४,००० योजनं, जमिनीत १६,०००. माथ्याशी रुंदी ३२,००० आणि पायथ्याशी १६,०००, म्हणजे वर रुंद, खाली निमुळता. कमळाच्या मधल्या गड्ड्यासारखा, असं पुराणच म्हणतं. लेकीनं त्रिकोणी डोंगर काढला असेल तर आधी तो पुसायला सांगा.

आता मोजा. पाताळं सात, प्रत्येक १०,००० योजनांचं, एकूण ७०,०००. मेरूचं मूळ १६,०००वर संपतं, म्हणजे अतल ओलांडून वितलात निम्म्याच्या थोडं पुढं जातं. खालची पाच पाताळं त्याला शिवतही नाहीत. वरही तेच. सूर्य जमिनीपासून एक लाख योजनांवर आणि स्वर्लोक सूर्यापासून ध्रुवापर्यंत. ८४,०००वाल्याचा हात तिथं पोचतच नाही. त्यामुळे ‘तिन्ही लोक जोडणारा खांब’ हे पुराणाचं म्हणणं नाही, नंतर चढवलेलं आहे.

सह्यकडा: अहो, समुद्रमंथनात मेरूचीच तर रवी केली होती! खाली कासव, वर देव. आणखी काय पुरावा हवा?

पोथीवाली: रवी मंदराची. महाभारतात देवांची बैठक मेरूवर भरली, म्हणून घोळ होतो. तरी तुमचा अंदाज अगदीच वाया नाही. आदिपर्वात मंदर ११,००० योजनं वर आणि तेवढाच जमिनीत. अनंतानं तो उपटून आणला आणि समुद्रात कासवाच्या पाठीवर टेकवला. पण जो उपटून नेता येतो तो जगाचा खांब कसा?

गणित_कच्चं: ताई, टेप घेऊन पुराण वाचायचं म्हणजे कमालच. ८४ आणि १६ मिळवा की! बरोबर एक लाख, आणि सूर्यही एक लाखावर. हा योगायोग? रचणाऱ्यानं मुद्दाम जुळवलंय.

आणि मुख्य गोष्ट तुम्ही गाळलीत, गंगा. विष्णूच्या पायापासून निघते, चंद्रमंडळ भिजवते, मेरूच्या माथ्यावर ब्रह्मदेवाच्या नगरीत पडते आणि तिथून चार दिशांना चार प्रवाह होतात. जोडणी उंचीनं होत नाही, पाण्यानं होते. डोंगर नुसता झेलतो.

पोथीवाली: गंगेचं मान्य, ते मी सांगायला हवं होतं. लाखाचं मात्र पटत नाही. सूर्याचं अंतर जमिनीपासून मोजलंय, मेरूच्या बुडापासून नाही. बेरीज जुळली तरी माथा १६,००० योजनं खालीच राहतो.

गणित_कच्चं: मग तो १६,०००चा आकडा पुन्हापुन्हा का येतो ते सांगा.

नानींचा_नातू: आमच्या नानी जपमाळेत मेरूमणी कधी ओलांडायच्या नाहीत. १०८ झाले की माळ उलटी फिरवायची. लहानपणी मी मुद्दाम ओलांडला, तर हातावर चापट बसली होती. इथं वाचताना वाटलं, सूर्यही मेरूला प्रदक्षिणाच घालतो, वरून ओलांडत नाही. संबंध असेल का?

पोथीवाली: गोड आहे, पण मणी आधी की गोष्ट आधी हे कसं ठरवणार?

उत्तरध्रुव: झाडांचंही असंच झालंय. नॉर्स लोकांच्या इग्द्रासिल या महावृक्षाचं तेच तीन मजली चित्र फिरतं. ‘ग्रिम्निस्माल’ या जुन्या कवितेत त्याला तीन मुळं आहेत: एकाखाली मृतांची देवी हेल, दुसऱ्याखाली हिमराक्षस, तिसऱ्याखाली माणसं. देवांकडे एकही मूळ नाही! तेराव्या शतकात स्नोरी स्टुर्लुसननं गद्यात मांडताना एक मूळ देवांकडे नेलं, तेही आकाशात. आपण पाहतो ते चित्र बरंचसं त्याचं.

सह्यकडा: म्हणजे गीतेतला अश्वत्थच! मुळं वर, फांद्या खाली. सगळं आपल्याकडूनच गेलंय.

उत्तरध्रुव: मूळ आकाशात, एवढंच साम्य. गीता तो अश्वत्थ असंगाच्या शस्त्रानं तोडायला सांगते, ज्ञानेश्वरीचा पंधरावा अध्यायही त्याच कामाला लागतो. इग्द्रासिल तोडायचं नाहीये. त्याचा पाला हरणं खातात, मूळ नीडहोग नावाचा नाग कुरतडतो, तरी ते उभं राहावं हीच धडपड.

वाईचा_भटक्या: लेकीनं त्रिकोण पुसला. वर रुंद, खाली निमुळता मेरू आणि चार बाजूंना निळं पाणी असं काढलंय. सूर्य माथ्याच्या वर ठेवलाय, पण मध्ये किती फट ठेवायची म्हणून विचारतेय.

गणित_कच्चं: ठेवू नका.

पोथीवाली: ठेवा. माथ्यापर्यंत २१ सेंटीमीटर काढला असेल तर वर ४ सेंटीमीटर.